'हू' की 'हूम': छोट्या प्रश्नांत कुठलं चालतं आणि 'हूम' कधी उगाच जड होतं

ग्रुपवर कोणीतरी टाकतं, 'आय स्पोक टू समवन इन अकाउंट्स', आणि तुम्हाला एवढंच विचारायचंय की कोणाशी बोललास बाबा. आता 'हू?' लिहायचं, 'हूम?' लिहायचं, 'टू हूम?' की 'हू टू?', आणि या विचारात पडलं की शाळेतलं सब्जेक्ट-ऑब्जेक्ट डोक्यात यायला लागतं, मग बरेच जण सेफ साइड म्हणून 'हूम' ठोकून मोकळे होतात कारण ते जास्त शुद्ध वाटतं. नेमकं तिथेच फसतं. छोट्या प्रश्नात 'हूम'च्या जागी 'हू' लिहिलं तर फार फार तर थोडं सैल वाटेल, पण 'हू'च्या जागी 'हूम' लिहिलं तर ती सरळ चूक असते आणि वर आव आणल्यासारखं दिसतं ते वेगळंच.

म्हणून इथे फक्त छोटे प्रश्न घेतोय, म्हणजे चॅटमध्ये, मेलमध्ये, कमेंटमध्ये आपण एक ते सात-आठ शब्दांचे जे प्रश्न टाकतो ते. वाक्याच्या मध्ये येणारं 'द मॅन हूम आय मेट' वगैरे प्रकरण बाजूला ठेवू.

पायरी १: प्रश्न नाही, उत्तर बघा

प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात इंग्रजीत द्या आणि उत्तरात 'ही' येतंय की 'हिम' ते बघा. 'ही' आलं तर 'हू', 'हिम' आलं तर व्याकरणाच्या हिशोबाने 'हूम'. 'हिम' आणि 'हूम' दोन्हीच्या शेवटी 'म' आहे, त्यामुळे लक्षातही राहतं.

'हू कॉल्ड यू?' याचं उत्तर 'ही कॉल्ड मी'. 'ही' आलं, म्हणजे 'हू', आणि इथे 'हूम'ला जागाच नाही, कितीही औपचारिक पत्र असो. 'हू डिड यू कॉल?' याचं उत्तर 'आय कॉल्ड हिम', म्हणजे काटेकोर लिहायचं तर 'हूम डिड यू कॉल?'. पण थांबा, इथे लगेच 'हूम' टाकायची गरज नाही, ते पुढे येतंच.

उत्तर न देता नुसतं बघूनही बऱ्याचदा कळतं. 'हू'नंतर थेट क्रियापद आलं (हू कॉल्ड, हू सेड, हू वॉन्ट्स, हू इज कॉलिंग) की विषय संपला, 'हू'च. 'हू'नंतर 'डिड यू', 'शुड आय', 'आर दे' असा हेल्पर आणि दुसरा माणूस आला की समजायचं काम करणारा तो दुसरा आहे आणि आपला 'हू' ऑब्जेक्ट आहे. 'हूम कॉल्ड यू?', 'हूम इज धिस?', 'हूम वॉन्ट्स टू जॉइन?' हे तिन्ही चूक आहेत, चॅटमध्येही चूक आणि कोर्टाच्या कागदातही चूक.

कोणाला-कोणीचा शॉर्टकट का फसतो

आपल्याकडे एक शॉर्टकट फार चालतो की मराठीत 'कोण' किंवा 'कोणी' असेल तर 'हू' आणि 'कोणाला' असेल तर 'हूम'. अर्ध्या वेळा चालतोही. 'तू कोणाला फोन केलास' म्हणजे 'हूम डिड यू कॉल', 'कोणी फोन केला' म्हणजे 'हू कॉल्ड', अगदी बरोबर बसतं, आणि म्हणूनच माणूस त्याच्यावर विश्वास टाकतो.

आता हे बघा. 'कोणाला माहितीये?' इंग्रजीत 'हू नोज?'. 'कोणाला यायला जमेल?' म्हणजे 'हू कॅन कम?'. 'कोणाला आवडलं?' म्हणजे 'हू लाइक्ड इट?'. 'कोणाकडे चार्जर आहे?' म्हणजे 'हू हॅज अ चार्जर?'. सगळीकडे मराठीत 'ला' नाहीतर 'कडे' लागलंय आणि इंग्रजीत मात्र तोच माणूस सब्जेक्ट आहे. याचं कारण आपल्या भाषेच्या स्वभावात आहे, माहीत असणं, आवडणं, जमणं, हवं असणं या गोष्टी मराठीत माणूस 'करत' नाही, त्या माणसाला 'होतात', त्याच्या वाट्याला येतात, म्हणून त्याला 'ला' लागतो. इंग्रजीत तसं नाही, तिथे 'नो', 'लाइक', 'वॉन्ट' ही क्रियापदं माणसालाच सब्जेक्ट म्हणून घेतात. त्यामुळे 'कोणाला पाहिजे?' डोक्यात ठेवून कोणी 'हूम वॉन्ट्स इट?' लिहिलं तर वाचणाऱ्याला ते ठेच लागल्यासारखं वाटतं.

आणि उलटंही होतं, जे कमी लोकांच्या लक्षात येतं. 'तुला तिथे कोण भेटलं?' मराठीत सरळ 'कोण' आहे ना, पण इंग्रजीत 'हू डिड यू मीट देअर?', उत्तर 'आय मेट हिम', म्हणजे काटेकोर 'हूम'. 'तुला कोण आवडतं?' तेच, 'हू डू यू लाइक?', उत्तर 'आय लाइक हिम'. भेटणं आणि आवडणं ही दोन क्रियापदं हमखास फसवतात. तर टेस्ट मराठीवर लावायचीच नाही, आधी इंग्रजी वाक्य जुळवायचं आणि मग त्याच्या इंग्रजी उत्तरावर लावायची.

पायरी २: 'हिम' आलं, आता 'टू', 'विथ', 'फॉर' कुठे बसलंय ते बघा

उत्तरात 'हिम' आलं म्हणजे आता तुमच्याकडे चॉइस आहे, आणि तो चॉइस बहुतेक वेळा प्रिपोझिशन ठरवतं.

प्रिपोझिशन शेवटी लटकत असेल तर 'हू' नैसर्गिक वाटतं. 'हू आर यू गोइंग विथ?', 'हू डिड यू गिव्ह इट टू?', 'हू इज धिस फॉर?'. रोजचं बोलणं असंच असतं, आणि आता तर बऱ्यापैकी नीटनेटक्या लिखाणातही हे चालतं. प्रिपोझिशनने वाक्य संपवू नये असं काही जणांना शाळेत बजावलेलं असतं, पण इंग्रजी बोलणारे शतकानुशतकं संपवत आलेत, त्याचं टेन्शन घेऊ नका.

प्रिपोझिशन पुढे आणलंत तर मात्र पूर्ण प्रश्नात 'हूम' लागतंच. 'विथ हूम आर यू गोइंग?', 'टू हूम डिड यू गिव्ह इट?'. कारण प्रिपोझिशन पुढे आणणं हीच मुळात औपचारिक स्टाइल आहे, आणि 'विथ हू आर यू गोइंग?' असं लिहिलं की सूट घालून पायात स्लीपर घातल्यासारखं होतं.

आता तिसरा प्रकार, 'हूम आर यू गोइंग विथ?'. व्याकरणाने चूक नाही, लिहिणारे लिहितातही, पण मला विचाराल तर हे अधांतरी वाटतं, पुढचा शब्द कडक आणि शेवट मोकळा. मी यापेक्षा दोन्हीपैकी एक टोक पकडेन, मोकळं लिहायचं तर पूर्ण मोकळं आणि कडक लिहायचं तर पूर्ण कडक.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण मेलमध्ये सारखी दिसते. प्रिपोझिशन पुढे आणल्यावर लोक हेल्परची जागा विसरतात आणि 'टू हूम आय शुड सेंड धिस?' लिहितात. 'हूम' बरोबर आहे पण प्रश्न मोडला, कारण 'शुड' आधी हवा, 'टू हूम शुड आय सेंड धिस?'. वाचणाऱ्याला 'हू'ची सैलपणाची चूक कदाचित दिसणारही नाही पण ही उलटापालट शंभर टक्के दिसते.

पायरी ३: एक-दोन शब्दांचे प्रश्न

सगळ्यात जास्त वापर यांचाच आणि पुस्तकात सगळ्यात कमी जागा यांनाच. कोणी सांगितलं 'आय मेट समवन यस्टरडे', तर तुम्ही विचारणार 'हू?'. शुद्ध हिशोबाने 'आय मेट हिम', म्हणजे 'हूम?' व्हायला हवं, पण एकटा 'हूम?' चॅटमध्ये टाकून बघा, समोरच्याला वाटेल तुम्ही टर उडवताय. एकट्या प्रश्नात 'हू?' लिहायचं, इथे विचारच करायचा नाही.

दोन शब्दांत मजा आहे. 'आयम गोइंग टू द कॉन्फरन्स', त्यावर 'कोणासोबत?' हे तीन तऱ्हांनी विचारता येतं. 'हू विथ?' एकदम मोकळं, बोलल्यासारखं. 'विथ हू?' तेही मोकळंच, मेसेजमध्ये भरपूर दिसतं, आणि वर मी पूर्ण प्रश्नात ज्याला नावं ठेवली तेच इथे दोन शब्दांत खपून जातं, कारण समोरच्याचंच वाक्य अर्धवट पुढे नेल्यासारखं वाटतं. 'विथ हूम?' नीटस, थोडं सावध, मेलमध्ये छान बसतं. चौथं 'हूम विथ?' कोणी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. 'हू टू', 'हू फॉर', 'हू फ्रॉम' हेही 'हू विथ'सारखेच चालतात, पण त्यांचं 'हूम टू', 'हूम फॉर' केलं की कानाला खटकतं.

हे 'हू विथ'सारखे उलटे दोन शब्द साध्या, छोट्या प्रिपोझिशनबरोबरच जमतात. 'विदाउट', 'अगेन्स्ट', 'बिट्वीन' अशांबरोबर उलटवायला गेलं तर ओढूनताणून वाटतं, तिथे 'अगेन्स्ट हू?' किंवा औपचारिक असेल तर 'अगेन्स्ट हूम?' असंच ठेवा.

मग ते आश्चर्याचे प्रश्न. कोणी सांगितलं की मी डायरेक्टरांनाच मीटिंगला बोलावलं, आणि तुम्ही उडून विचारता 'यू इन्व्हायटेड हू?'. इथे शब्द आपल्या जागीच बसलाय, ऑब्जेक्टच्या जागी, तरी 'हू'च, कारण हा धक्क्याचा प्रश्न आहे आणि 'यू इन्व्हायटेड हूम?' म्हटलं की धक्काच निघून जातो, माणूस दचकून मग व्याकरण तपासतोय असं वाटतं. 'हू, मी?' आणि 'हू एल्स?' हेही जसेच्या तसे वापरायचे, 'हूम एल्स?' फक्त फारच कडक लेखनात.

पायरी ४: मध्ये 'डू यू थिंक' घुसलं असेल तर ते झाका

इंग्रजी चांगलं असणारे लोक इथे पडतात, आणि पडतात ते काळजी घेऊन. 'हूम डू यू थिंक विल विन?' दिसायला किती व्यवस्थित, 'डू यू' आलंय, दुसरा माणूस आलाय, पायरी १ मधल्या खुणेप्रमाणे 'हूम'च हवं ना? नाही. 'डू यू थिंक'वर बोट ठेवून झाका. उरतं '... विल विन?'. उत्तर 'ही विल विन'. 'हिम विल विन' नाही. म्हणून 'हू डू यू थिंक विल विन?' आणि हे औपचारिक लेखातसुद्धा 'हू'च.

फोनवरचं जुनं वाक्य याच जातीचं आहे. 'हूम शॅल आय से इज कॉलिंग?' ऐकायला फार अदबशीर, पण 'शॅल आय से' झाकलं की 'इज कॉलिंग' उरतं, 'ही इज कॉलिंग', म्हणजे बरोबर रूप 'हू शॅल आय से इज कॉलिंग?'. आता शेजारीच हे बघा, 'हू डू यू थिंक दे विल चूज?'. झाकलं की 'दे विल चूज ...' उरतं, 'दे विल चूज हिम'. इथे मात्र औपचारिक लिहायचं असेल तर 'हूम' बरोबर. दोन्ही प्रश्न वरून सारखे दिसतात, फरक फक्त झाकल्यावर कळतो, त्यामुळे 'थिंक', 'से', 'बिलीव्ह', 'सपोज' यातलं काही मध्ये दिसलं की झाकायची सवयच लावून घ्या.

पायरी ५: वाचणारा कोण आहे

आता खरा प्रश्न, 'हूम' बरोबर आहे हे कळलं, पण टाकायचं का?

मित्रांचा चॅट, टीमचा ग्रुप, रोजचे मेल, कमेंट, इथे पुढे प्रिपोझिशन नसेल तर 'हूम' टाकूच नका. 'हूम डिड यू आस्क?' हा प्रश्न टीममधल्या माणसाला पाठवला तर तो जाब विचारल्यासारखा वाटतो, जणू चौकशी लागलीये, आणि 'हू डिड यू आस्क?' साधी विचारणा वाटते. शब्द तेच, एका 'म'ने टोन बदलतो. ज्याला तुम्ही एरवी 'हे', 'थँक्स', 'यप' लिहिता त्याला मध्येच 'हूम' लिहिलंत तर तो टोमणा आहे की काय असा विचार करत बसेल. माझी एक साधी कसोटी आहे, त्याच मेसेजमध्ये 'डोन्ट', 'आयम', 'कान्ट' असे जोडशब्द असतील तर 'हूम' शोभत नाही.

अर्ज, कायदेशीर नोटीस, अनोळखी संस्थेला पत्र, शोधनिबंध, इथे 'हूम' ठेवा. आणि व्याकरणाच्या परीक्षेत तर ठेवाच, कारण चूक ओळखा छापाच्या प्रश्नात 'हू डिड यू सी?' ही बऱ्याचदा चूक धरली जाते, तिथे जगात काय चालतं हे सांगून मार्क मिळत नाहीत.

भाषावाल्यांना हा बदल कधीच दिसला होता. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी 1921 मध्ये 'हूम डिड यू सी?' हेच वाक्य घेऊन लिहिलं होतं की दोनेकशे वर्षांत मोठा विद्वान कायदेपंडितसुद्धा असं बोलणार नाही. शंभर वर्षं उलटून गेली, बोलण्यातून ते जवळजवळ गेलंच आहे, लिखाणात प्रिपोझिशनच्या मागे मात्र घट्ट बसलंय. मुळात 'हूम' हे जुन्या इंग्रजीतल्या विभक्तीचं उरलेलं रूप आहे, नामांच्या तसल्या विभक्ती इंग्रजीने कधीच टाकून दिल्या, सर्वनामांत 'हिम', 'देम', 'हूम' असे मोजकेच शिल्लक राहिले. 'हिम' टिकलं कारण ते क्रियापदानंतर येतं. 'हूम' बिचारं प्रश्नात अगदी पहिल्या जागेवर येतं, जिथे सहसा सब्जेक्ट असतो, म्हणून तिथे लोकांच्या तोंडात 'हू' बसलं.

एक मेसेज दुरुस्त करून बघू

समजा ऑफिसात नवीन आलेल्या कोणीतरी सिनियरला हा मेल टाकलाय: 'हाय, गॉट द फाइल. हूम अप्रूव्हड इट? टू हूम आय शुड सेंड इट नाऊ? हूम एल्स नीड्स अ कॉपी? अँड हूम डू यू थिंक विल साइन?'

चार प्रश्न, चार 'हूम'. पहिला, उत्तर 'ही अप्रूव्हड इट', चूक, 'हू अप्रूव्हड इट?' हवं. दुसऱ्यात 'हूम' बरोबर, क्रम चुकला, 'टू हूम शुड आय सेंड इट?' केलं तर व्याकरण सुटेल, पण मेलची सुरुवात 'हाय, गॉट द फाइल' अशी आहे, त्याच्याशी हे जुळत नाही, म्हणून 'हू शुड आय सेंड इट टू?'. तिसऱ्यात 'एल्स'ने गोंधळ घातलाय, एकट्या 'हू एल्स'मध्ये होता तसा औपचारिक-अनौपचारिक असा प्रश्न इथे नाहीच, उत्तर 'ही नीड्स अ कॉपी', म्हणजे 'हू एल्स नीड्स अ कॉपी?' आणि बस. (मराठीत 'अजून कोणाला कॉपी हवीये', बघा 'ला' कसा फसवून गेला.) चौथ्यात 'डू यू थिंक' झाकलं की 'ही विल साइन', म्हणजे 'हू'. थोडक्यात या मेलमधून चारही 'हूम' गेले.

हाच मजकूर बाहेरच्या संस्थेला जाणार असता तर पहिला, तिसरा आणि चौथा 'हू' तसेच राहिले असते, कारण तिथे 'हूम' कुठल्याच स्टाइलमध्ये बसत नाही, आणि फक्त दुसरा 'टू हूम शुड आय सेंड इट?' झाला असता.

दोन्ही नको वाटलं तर

कधी कधी वाचणारा कसा आहे तेच माहीत नसतं, 'हू' लिहिलं तर सैल वाटेल आणि 'हूम' लिहिलं तर ताठर. अशा वेळी प्रश्नच फिरवा, म्हणजे त्या माणसालाच सब्जेक्ट करा. 'हूम शुड आय सेंड धिस टू?' ऐवजी 'हू शुड गेट धिस?'. 'हूम शुड आय कॉन्टॅक्ट?' ऐवजी 'हू हँडल्स धिस?'. 'टू हूम डज धिस बिलाँग?' ऐवजी 'हू ओन्स धिस?'. इथे 'हू' शंभर टक्के बरोबर, कोणालाच खटकत नाही आणि वाक्यही छोटं होतं.

फिरवताना अर्थ मात्र सांभाळा. 'हू डिड यू कॉल?' ला 'हू कॉल्ड यू?' केलंत तर फोन कोणी कोणाला केला तेच उलटं होतं. क्रियापद बदलल्याशिवाय सब्जेक्ट बदलायचा नाही. 'सेंड'चं 'गेट', 'गिव्ह'चं 'हॅव', 'पे'चं 'गेट पेड', अशा जोड्या असतील तरच, आणि जोडी सापडत नसेल तर 'हू' लिहून प्रिपोझिशन शेवटी टाका.

पत्राच्या डोक्यावरचं 'टू हूम इट मे कन्सर्न' यात येत नाही, तो प्रश्न नाहीच, ठरलेला साचा आहे, त्याला हात लावू नका. पण पत्र ज्याला जाणार आहे तो माणूस माहीत असेल तर तो साचाही कशाला, त्याचं नावच लिहा.